घरझडतीचा पंचनामा वाचताना: डबा, कटावणी आणि घड्याळ

प्रश्न: मी सहा महिन्यांपूर्वी शिवाजीनगर कोर्टात काम सुरू केलं. सीनियरनी घरफोडीच्या केसमधला सहा पानी घरझडती पंचनामा हातात दिला आणि म्हणाले, "काय काय जप्त केलंय, पंच कोण होते आणि नोंद घेण्याजोग्या त्रुटी कोणत्या, एका पानात लिहून आण." मी बावीस त्रुटी काढल्या. त्यांनी अठरा खोडल्या. मग पंचनामा नेमका वाचायचा तरी कसा?

उत्तर:

बावीसपैकी चार उरल्या म्हणजे तुमचं फार वाईट चाललेलं नाही. वकिलीत नवी होते तेव्हा माझं एकही टिपण असं गेलं नाही की सीनियरची लाल रेघ त्यावर आली नाही. ती रेघ बहुतेक एकाच कारणासाठी असायची: मी जे जे विचित्र दिसेल ते सगळं लिहीत होते, पण त्याने केसमध्ये कशाला धक्का लागतो ते लिहीत नव्हते.

माझ्याकडे येऊन गेलेल्या काही प्रकरणांतले तपशील एकत्र करून, नावं-ठिकाणं बदलून, एक पंचनामा तुमच्यासमोर ठेवते. धनकवडीतलं दोन खोल्यांचं घर, घरफोडीचा गुन्हा, १९ फेब्रुवारी २०२५ ची संध्याकाळ. पंचनाम्याची वेळ १९.१० ते २०.४५. शेवटी जप्त मालाचा तक्ता, त्यात चार वस्तू: पिवळ्या धातूचं मंगळसूत्र, रोख रक्कम, एक मोबाइल, एक लॅपटॉप चार्जरसह.

नवीन मंडळी हा तक्ता उतरवतात आणि म्हणतात, यादी झाली. यादी तक्त्यावरून करायचीच नाही. तक्ता झाकून ठेवायचा आणि मजकूर पहिल्या ओळीपासून वाचत जायचं. "मिळून आले" हे शब्द जिथे जिथे येतील तिथे पेन्सिलीने खूण करायची. त्या प्रत्येक खुणेसमोर तीन गोष्टी शोधायच्या: वस्तू नेमकी कुठे सापडली, ती जप्त केली असं लिहिलंय का, आणि तिचं पुढे काय केलं. नमुना बघा:

"स्वयंपाकघराची पाहणी केली असता, ओट्याचे खाली असलेल्या स्टीलच्या डब्यात तांदळामध्ये एका प्लॅस्टिकच्या पिशवीत पिवळ्या धातूचे मंगळसूत्र मिळून आले. ते दोन्ही पंचांना दाखवून, वजन करून, कागदी पाकिटात ठेवून, पंचांच्या सहीचे लेबल लावून सील करून तपासकामी जप्त केले."

जागा आहे, जप्ती आहे, सील आहे. जागा लिहिणं ही काही पोलिसांची हौस नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०३ च्या पोटकलम ५ मध्ये, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०० मध्ये, जप्त वस्तूंच्या यादीबरोबर त्या कुठे कुठे सापडल्या तेही लिहावं असं स्पष्ट म्हटलंय. "घरात मिळून आले" एवढंच लिहिलेलं असेल तर ती नोंद घेण्याजोगी त्रुटी आहे, कारण दोन खोल्यांच्या घरात आई, भाऊ आणि भाडेकरू राहत असतील तर कोणाच्या ताब्यातून वस्तू आली हाच प्रश्न उरतो.

"पिवळ्या धातूचे" या शब्दांवर मात्र खूण करू नका. सराफाने तपासेपर्यंत पोलिसांनी तसंच लिहायचं असतं, आणि तेच बरोबर आहे.

आता पुढचं पान. आतल्या खोलीचं वर्णन चालू असताना एक ओळ येते: "दरवाजाचे मागे एक लोखंडी कटावणी मिळून आली." त्यानंतर लगेच कपाटाचं वर्णन. कटावणी जप्त केली असं कुठेही नाही, लेबल नाही, सील नाही, आणि शेवटच्या तक्त्यात ती नाहीच. नवखा वाचक म्हणेल, मग ती घेतली नसेल. बरोबर. पण मुद्देमाल पावती काढून बघा. तिथे पाच वस्तू आहेत आणि पाचवी आहे "लोखंडी कटावणी, एक". पंचांच्या सहीच्या यादीत नसलेली वस्तू मुद्देमाल कारकुनाकडे जमा झाली. घरफोडीच्या केसमध्ये कटावणी म्हणजे कडी-कोयंडा कशाने उचकटला त्याचं उत्तर. ती पंचांसमोर जप्त झाल्याचं कागदावर नाही, म्हणून ती या घरातून आली की दुसरीकडून, हे सांगायला तपासी अंमलदाराच्या तोंडच्या शब्दाशिवाय काही उरत नाही. ही त्रुटी टिपणात वरच्या तीनांत.

म्हणजे यादी करताना कागद कमीत कमी तीन लागतात: पंचनाम्याचा मजकूर, त्याच्याच शेवटचा तक्ता आणि मुद्देमाल पावती. तपासणीला काही पाठवलं असेल तर प्रयोगशाळेला लिहिलेलं पत्र हा चौथा. मी साधी आखलेली वही वापरते. डाव्या बाजूला वस्तू, पुढे प्रत्येक कागदासाठी एक रकाना. जिथे रकाना रिकामा राहील तिथे बघायचं. कटावणीच्या ओळीत पहिल्या रकान्यात "मिळाली, जप्ती नाही", दुसरा रिकामा, तिसऱ्यात "आहे". लॅपटॉपच्या ओळीत उलट: मजकुरात फक्त लॅपटॉप, तक्त्यात चार्जरही. चार्जरने कोणाचं काही बिघडत नाही, तो सोडून द्या. पण फिर्यादीत लॅपटॉप चोरीला गेल्याचं कुठे लिहिलेलंच नाही, ही गोष्ट वहीच्या कडेला लिहून ठेवा. ती त्रुटी म्हणून उपयोगी नाही, कारण चोरीचा संशय येईल अशी मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार पोलिसांना कलम १०६ ने आहे. पण आरोपीच्या भावाला त्याचा लॅपटॉप परत हवा असेल तर अर्जात हेच पहिलं वाक्य असेल.

रोख रकमेची बेरीज स्वतः करायची. मजकुरात लिहिलंय: ५०० च्या ४२ नोटा, २०० च्या १५ आणि १०० च्या ८. म्हणजे २१,००० अधिक ३,००० अधिक ८००, एकूण २४,८००. तक्त्यात मात्र २४,३००. पावतीतही २४,३००. पाचशेची एक नोट कमी. लिहिताना ४१ चे ४२ झाले की नोट कुठे गेली, हे आपल्याला कळत नाही, आणि टिपणात ते ठरवायचंही नाही. "मजकूर २४,८००, तक्ता आणि पावती २४,३००, फरक ५००" एवढंच लिहा. मी एकदा "रकमेत अफरातफर" असं लिहिलं होतं. सीनियरनी विचारलं, "तुम्ही पाहिलीत?" तेव्हापासून टिपणात विशेषण नाही.

मंगळसूत्राच्या वजनाचं थोडं सविस्तर सांगते, कारण इथे दोन्ही बाजूंनी घसरायला होतं. तक्त्यात १५.४०० ग्रॅम. तीन आकडी दशांश बघून पहिला प्रश्न पडला पाहिजे: हे वजन केलं कशावर? हजर असलेल्यांत सराफ नाही, वजनकाटा आणल्याचा उल्लेख नाही, तो कोणाचा होता तेही नाही. पण मंगळसूत्र तांदळात सापडलं त्याच क्षणी त्याचं वजन मिलिग्रॅमपर्यंत कळलंय. असा आकडा बहुतेक वेळा एक तर फिर्यादीच्या बिलावरून येतो नाही तर नंतर ठाण्यात केलेल्या वजनावरून. दोन्ही गोष्टींतून तोच अर्थ निघतो की निदान हा भाग जागेवर लिहिला गेला नाही. ही चांगली नोंद आहे.

दुसरा आकडा दोन दिवसांनंतरच्या सराफाच्या दाखल्यातला: १४.८५० ग्रॅम. ५५० मिलिग्रॅमचा फरक दिसला की लगेच "माल बदलला" असं लिहायचा मोह होतो. थांबा. मंगळसूत्रात काळे मणी असतात, आणि सराफ सोन्याचं निव्वळ वजन देताना मण्यांचं वजन वजा करतो. दाखल्यात ढोबळ वजन वेगळं दिलंय का ते बघा. दिलं नसेल तर टिपणात हा मुद्दा प्रश्नचिन्हासह लिहा, त्रुटी म्हणून नाही. तसंच फिर्यादीत "दीड तोळ्याचं" असेल तर फिर्यादी बाईने कोणता तोळा धरलाय तेही बघावं लागतं. आज सराफकट्ट्यावर दहा ग्रॅमचा तोळा चालतो, म्हणजे पंधरा ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, त्या हिशेबाने साडेसतरा. सासूबाईंकडून आलेला दागिना असेल तर बाईच्या बोलण्यात जुना तोळाही येऊ शकतो.

मोबाइलच्या बाबतीत एक खोड जवळजवळ प्रत्येक ज्युनियरला असते. पंचनाम्यातला आयएमईआय आणि कंपनीकडून आलेल्या कॉल रेकॉर्डमधला आयएमईआय ताडून बघायचा, शेवटचा आकडा जुळत नाही असं दिसलं की मोठ्या अक्षरात "हँडसेट वेगळा". आयएमईआय पंधरा आकड्यांचा असतो आणि पंधरावा आकडा आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेला तपासणीचा आकडा असतो. कॉल रेकॉर्डमध्ये तो बऱ्याचदा जातच नाही आणि त्या जागी शून्य छापून येतं. पहिले चौदा जुळले तर हँडसेट तोच. आपल्या पंचनाम्यात पहिले चौदा जुळतात, म्हणून ती ओळ मी खोडली. हँडसेटवर *#06# दाबून आकडा पंचांसमोर पडद्यावर आणून उतरवला की फोनच्या खोक्यावरून उतरवला, एवढं मात्र बघा. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. एकच लिहिला असेल तर दुसरा कुठून आला हा प्रश्न पुढे कधी तरी येतोच.

वस्तूंचं झालं. आता घड्याळ. माझ्या मते पंचनाम्यातला सगळ्यात बोलका भाग वेळ हाच असतो, आणि तो पंचनाम्यात एकट्याने कधी बोलत नाही. तो दुसऱ्या कागदाशेजारी ठेवावा लागतो.

आपल्या पंचनाम्यात सुरुवात १९.१०, शेवट २०.४५, आणि मजकुरात दोनदा "आरोपीचे समक्ष" असं आलंय. आता त्याच दोषारोपपत्रातला अटक पंचनामा काढा. वेळ २०.१० ते २०.२५, ठिकाण पोलीस ठाणे, पंच क्रमांक एक तोच माणूस. म्हणजे सव्वाआठला हा पंच आणि आरोपी दोघंही धनकवडीतल्या घरात आहेत आणि ठाण्यातही आहेत. दोन्ही कागद एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. इथे पंच प्रामाणिक की अप्रामाणिक या वादात जायची गरजच नाही. ही त्रुटी टिपणात पहिली.

त्यानंतर माल. झडती २०.४५ ला संपली, मुद्देमाल पावती दुसऱ्या दिवशी १८.४० ची. जवळपास बावीस तास पाकीट कोणाच्या टेबलावर, कोणाच्या कपाटात होतं, याचा कागद नाही. रात्री मुद्देमाल कारकून नसतो, हे उत्तर येईल आणि ते बऱ्याचदा खरंही असतं. म्हणून उशीर एवढ्यानेच फारसं काही होत नाही. पण त्याला सीलची जोड लागली की वजन वाढतं. पंचनाम्यात "सील केले" आहे, पण कोणत्या सीलने ते नाही, सीलचा नमुना कागदावर घेतलेला नाही. आणि त्याच रात्री साडेनऊला फिर्यादीचा पुरवणी जबाब आहे: "मला दाखविलेले मंगळसूत्र माझेच असून मी ते ओळखले." सीलबंद पाकिटातलं मंगळसूत्र तिला दाखवलं कसं? एक तर सील फोडलं, मग फोडल्याचा आणि पुन्हा लावल्याचा पंचनामा हवा. नाही तर सील तेव्हा झालंच नव्हतं. उशीर, सीलचा नमुना नसणं आणि हा जबाब, हे तीन वेगवेगळे मुद्दे म्हणून लिहू नका. ही एकच साखळी आहे, एकाच परिच्छेदात लिहा.

१ जुलै २०२४ पासून चालू झालेल्या नव्या संहितेने घड्याळाला आणखी एक साक्षीदार दिलाय. कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं दृकश्राव्य चित्रण करायचं असतं, शक्यतो मोबाइलवर, आणि त्यात जप्त मालाची यादी करणं आणि पंचांनी सही करणंही आलं. ते विनाविलंब न्यायदंडाधिकाऱ्यांकडे किंवा कलमात सांगितलेल्या दुसऱ्या दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं. पोलीस त्यासाठी ई-साक्ष्य हे अॅप वापरतात. आपल्या केसमध्ये तीन क्लिप, मिळून अकरा मिनिटं, पहिली १९.३२ ला सुरू. पंचनामा मात्र पंच्याण्णव मिनिटांचा. आता पहिल्या क्लिपची पहिली चौकट थांबवून बघा: तांदळाचा डबा ओट्याखाली नाही, ओट्यावर आहे, झाकण बाजूला, पिशवी तांदळाच्या वर. डबा उघडताना, हात घालताना कोणी दिसत नाही. "चित्रण अपुरे" असं लिहून उपयोग नाही. लिहायचं असं: "मंगळसूत्र सापडण्याचा क्षण चित्रणात नाही. चित्रण सुरू होते तेव्हा डबा उघडा आणि ओट्यावर, पंचनाम्यानुसार ओट्याखाली." आणि तिन्ही क्लिपांत पंच क्रमांक दोन कुठे दिसतो ते शोधा. आपल्याकडे तो फक्त तिसऱ्या क्लिपमध्ये आहे, दारात उभा, चप्पल घालून.

आता पंचांकडे येऊ. नाव, वय, धंदा, पूर्ण पत्ता आणि कोणाच्या बोलावण्यावरून आला, एवढं प्रत्येकाचं लिहून घ्या. कायद्याची अपेक्षा त्या भागातले दोन किंवा जास्त स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी अशी आहे. तसे मिळाले नाहीत किंवा तयार झाले नाहीत तर दुसऱ्या भागातले चालतात. आपले दोन्ही पंच येरवड्याचे, ठाण्यात बोलावून घेतलेले, आणि धनकवडीत शेजाऱ्यांना विचारलं होतं का याबद्दल एक शब्द नाही. ही नोंद घ्या, पण खालच्या बाजूला. शेजारी पंच व्हायला तयार नसतात हे न्यायाधीशांनाही माहीत असतं. पेठेत काय आणि धनकवडीत काय, संध्याकाळी सातला पोलीस दारात आले की समोरची दारं आधी बंद होतात. गंभीर गुन्ह्यांत सरकारी कर्मचाऱ्यांना पंच म्हणून बोलावतात तेही यामुळेच. परक्या भागातला पंच एवढ्यावरून झडती उडत नाही. पण तो त्याच ठाण्याच्या आणखी चार पंचनाम्यांत पंच असेल, तर गोष्ट वेगळी. ऑफिसातल्या जुन्या फायली आणि बाररूममधली चार मंडळी, या दोन ठिकाणी नाव विचारून बघा. तसं सापडलं तर केस क्रमांकासह लिहा. नुसतं "हा नेहमीचा पंच" असं लिहून काही होत नाही.

सह्या कुठे कुठे आहेत ते मोजा. आपल्याकडे सहाही पानांवर दोघांच्या सह्या आहेत, तक्त्याखालीही आहेत. घरात हजर असलेल्या आरोपीच्या आईला यादीची प्रत दिल्याची सही मात्र नाही. कलम १०३ च्या पोटकलम ६ प्रमाणे झडतीच्या वेळी घरमालक किंवा त्याच्यातर्फे कोणी हजर राहू शकतं, आणि पंचांच्या सहीची प्रत त्याला द्यायची असते. प्रत दिली असती तर कटावणीचा वाद त्याच रात्री संपला असता, म्हणून ही त्रुटी कटावणीच्या शेजारी लिहा. लेबलवरच्या सह्या कागदावरून कळत नाहीत. त्या कोर्टात मुद्देमाल उघडेल तेव्हाच दिसतील. तिथे टिपणात "लेबल पाहणे बाकी" असं लिहून जागा सोडा.

तुमच्या खोडलेल्या अठरांमध्ये काय काय असेल याचा अंदाज करते. "झडती सूर्यास्तानंतर": साध्या घरफोडीच्या तपासात रात्री झडती घेऊ नये असा नियम नाही. सूर्यास्त ते सूर्योदयाचं बंधन अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ४२ मध्ये येतं, ते इथे आणू नका. "घरात बाई असून महिला पोलीस नाही": बाईची अंगझडती घ्यायची असेल तर बाईनेच घ्यायची, सभ्यता राखून. आईची अंगझडती घेतलेलीच नाही. "पंचाच्या नावाचं स्पेलिंग वेगळं", "पान तीनवर खाडाखोड": खाडाखोडीवर पंचांची छोटी सही असेल तर ती उलट चांगली खूण आहे. "पंचांना शपथ दिली नाही": पंचनाम्याला शपथ नसतेच.

झडतीची कारणं लेखी न लिहिण्याचं काय, हे तुम्ही विचाराल. वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर कलम १८५ प्रमाणे अधिकाऱ्याने आपल्या समजुतीची कारणं आणि कोणती वस्तू शोधायची ते आधी लिहायचं, आणि त्याची प्रत अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायची. जुन्या कलम १६५ मध्ये नुसतं "ताबडतोब" होतं, तासांची मर्यादा नवीन आहे. आपल्या दोषारोपपत्रात हा कागदच नाही. नोंद नक्की घ्या, पण याने सुटका होईल असं पक्षकाराला सांगू नका. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये पूरण मल प्रकरणात म्हटलं की बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा तेवढ्याच कारणाने बाद होत नाही. ते प्रकरण आयकराचं होतं, पण फौजदारी कोर्टात ते रोज वाचलं जातं. झडती सदोष असली तर पुराव्याकडे जास्त बारकाईने बघितलं जातं, इतकंच. अमली पदार्थांच्या केसमध्ये गणित निराळं. तिथे अंगझडतीपूर्वी कलम ५० चा हक्क सांगितला नसेल तर १९९९ च्या बलदेव सिंग निकालाप्रमाणे त्या जप्तीवर दोषसिद्धी उभी राहत नाही. म्हणून पहिल्या पानावर गुन्ह्याचं कलम कोणतं, ते बघूनच त्रुटींची वजनं लावायची.

आणखी एक, कागदाच्या शीर्षकाबद्दल. "घरझडती पंचनामा" असं लिहून आत "आरोपीने निवेदन केले की..." अशी सुरुवात असेल तर वाचायची पद्धतच बदलते. मग प्रश्न येतो आरोपीने सांगितल्यामुळे वस्तू सापडली का, की पोलिसांना आधीच माहीत होती. आपल्या पंचनाम्यात निवेदन नाही, म्हणून त्यात शिरत नाही.

माझ्या टिपणात शेवटी उरल्या पाच ओळी. अटक पंचनाम्याशी वेळेचा झगडा. कटावणी यादीबाहेर, त्याला जोडून आईला प्रत नाही. पाकिटाची बावीस तासांची साखळी, सील आणि ओळखीचा जबाब यांच्यासह. चित्रणातला उघडा डबा. आणि वजन-रोख रकमेचे आकडे, त्यातला वजनाचा मुद्दा अर्धा प्रश्नचिन्हात. पंचांचं येरवडा आणि कलम १८५ चा कागद हे खाली, बारीक अक्षरात.

टिपणाच्या उजव्या बाजूला मी आणखी एक रकाना ठेवते: "विचारायचं की नाही". तो कसा आला ते सांगते. वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी अशाच एका केसमध्ये पंचनाम्यात तो कुठे लिहिला याचा उल्लेख नव्हता. मला वाटलं, ठाण्यात बसून लिहिलाय. उलटतपासात पंचाला थाटात विचारलं, "पंचनामा कुठे लिहिला?" तो म्हणाला, "तिथंच, मॅडम. लाइट गेली होती, मीच बॅटरी धरली होती." सरकार पक्षाला जे सिद्ध करायचं होतं ते मी त्यांना सिद्ध करून दिलं. कागदात जी जागा रिकामी आहे ती युक्तिवादात रिकामी म्हणून दाखवता येते. साक्षीदाराला विचारलं की तो ती भरतो. वेळेच्या झगड्यात तसं नाही, तिथे दोन्ही कागद छापलेले आहेत, पंच काहीही म्हणाला तरी एक खोटा पडतोच. तो प्रश्न विचारायचा. काटा कुठून आला, हा नाही.

आणि हे टिपण फाइलला लावून बसू नका, त्यातून अर्ज निघतात. दोषारोपपत्राबरोबर क्लिपा मिळाल्या नसतील तर त्या मागा. केस डायरी आरोपीला मागता येत नाही, पण ठाणे दैनंदिनीतली त्या संध्याकाळची जाण्या-येण्याची नोंद कलम ९४ खाली कोर्टामार्फत मागवता येते. सव्वाआठला पंच आणि आरोपी खरोखर कुठे होते, याचं उत्तर ठाण्याच्या सीसीटीव्हीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी प्रकरणात हे चित्रण अठरा महिने, आणि तेवढी सोय नसेल तर निदान एक वर्ष, जपून ठेवायला सांगितलंय. पंचाची साक्ष लागेपर्यंत तेवढे महिने सहज उलटतात. तुमच्या पंचनाम्यावरची तारीख बघा, आणि एक वर्ष भरायला किती दिवस राहिलेत ते आजच मोजा.